बसल्या दिवसांचा पगार

रुक्मिणी गेली तेव्हा हर्षदा दीड वर्षाची होती. साधी कावीळ म्हणून सुरुवात झाली आणि ती उतरलीच नाही. वाल्मिक तेव्हा सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये स्टेंटरवर होता. रंगवलेलं ओलं कापड दोन्ही काठांना ताणून धरत गरम हवेतून पलीकडे काढणारं ते लांबलचक मशीन. त्याच्या तोंडाशी बारा तास उभं राहायचं, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. दीड वर्षाचं लेकरू घेऊन अशी नोकरी कुणी करू शकत नाही, हे सगळ्यांनाच दिसत होतं. दहावं-तेरावं उरकलं आणि सासूबाईंनी पोर उचलून अमळनेरकडच्या आपल्या गावी नेली. वाल्मिकनंही नेऊ दिली.

आठ महिन्यांनी सुट्टी काढून तो तिला भेटायला गेला. हातात खाऊचा पुडा होता, लाल फ्रॉक होता. हर्षदानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आजीच्या लुगड्यामागे लपली. आजी म्हणाली, "अगं, तुना आबा शेत, तुना बाप!" पोरीनं लुगडं आणखी घट्ट धरलं. रात्रीपर्यंत ती त्याच्याजवळ आली नाही. फ्रॉक तिनं घातला, पण दुसऱ्या दिवशी, आजीच्या हातानं.

परतीच्या गाडीत बसताना तिला सोबत घेऊनच वाल्मिक निघाला. सासूबाई रागावल्या. नंदुरबारपर्यंत पोर रडत होती आणि वाल्मिकच्या मनात एकच प्रश्न घोळत होता: सोमवारी सकाळी सातला हिला कुणाकडे ठेवायचं?

त्याचं उत्तर बमरोलीतल्या त्याच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहत होतं. धुडकू लूमवर कारागीर होता आणि त्याची बायको कलाबाई गल्लीतल्या कारखान्यात बाबीन भरायची, रिकाम्या बाबिनींवर सूत गुंडाळायची. दोघंही दोंडाईच्याकडचे. कलाबाईला मूल नव्हतं. वाल्मिकनं विचारलं तेव्हा तिनं पदराला हात पुसले आणि सरळ मुद्द्यावर आली.

"मी बाबीन भरते त्याचे महिन्याला साडेतीनशे मिळतात, भाऊ. पोर सांभाळायची तर ते काम सोडावं लागंल. रातपाळीला ती माझ्याकडेच झोपंल, तिचं खाणंपिणंही माझ्याकडेच. चारशे द्या."

चारशे म्हणजे त्याच्या पगारातला जवळजवळ चौथा हिस्सा. मिलमधल्या निंबानं ऐकलं तेव्हा तो हसलाच. "शेजारणीला कोणी पगार देतं का? दिवाळीला लुगडं घे आणि मोकळा हो." पण वाल्मिकला कलाबाईचं बोलणं पटलं होतं. लुगड्यावर सांभाळणारी बाई ज्या दिवशी कंटाळेल त्या दिवशी त्याची पाळी बुडणार होती. पगार घेणारी बाई सातला दार उघडून उभी राहणार होती. आणि कलाबाई तशी उभी राहिली. पहिल्या दिवशी हर्षदा चौकटीला धरून आक्रोश करत होती, तेव्हा कलाबाईनं तिला न ओढता शेजारी बैठक मारली आणि म्हणाली, "कसाले रडस व माय? आपण दोन्ही जणी इथंच बसू. आबा येतीन."

पहिलं वर्ष कसंबसं गेलं. खोलीचं भाडं, किराणा, कलाबाई, गावी आईला थोडे. महिनाअखेरीस खिशात बसभाड्यापुरतंच काहीतरी उरायचं. त्यातच उन्हाळ्यात हर्षदाला विषमज्वर झाला. दवाखाना, बाटल्या, औषधं. पैसे नव्हते म्हणून वाल्मिकनं मिलच्या ठेकेदाराकडून उचल घेतली. व्याज शेकडा दहा, दर महिन्याला. पोर पंधरवड्यात खेळायला लागली, पण ती उचल फेडता फेडता त्याची दिवाळी उलटून गेली. त्या काळात एका रविवारी तो ओट्यावर बसला होता. तापानं नाही तर तापाच्या वेळी हात रिकामा होता म्हणून आपण बुडालो, हे त्याला तेव्हा नीट कळलं.

उषाबाई त्याच्या आयुष्यात आली ती या सुमारास. उधन्याच्या पोस्टाची ती एजंट. महिन्याच्या दहा तारखेनंतर, म्हणजे पगार झाले की, ती पिशवी घेऊन गल्ल्या फिरायची. गुजराती बाया तिला उषाबेन म्हणत, मराठी उषाबाई. बाया तिच्याकडे आवर्ती ठेवीचे पन्नास-शंभर भरत आणि ती कार्डावर सही करून देई. एकदा ती कलाबाईच्या दारात उभी असताना वाल्मिकनं तिला विचारलं, "पुरुषमाणसाचे पैसे घेता का?"

"पैशाला मिशा असतात का?" ती म्हणाली. "किती टाकणार?"

"शंभर टाकीन."

"आणि उद्या पोरगी आजारी पडली तर?"

 उषाबाईनं पिशवी खाली ठेवली. ती घाईतली बाई होती, पण त्या दिवशी ती ओट्यावर बसली. "हे बघा वाल्मिकभाऊ, आवर्ती ठेव पाच वर्षांची. वर्ष झाल्यावर त्यातले अर्धे उचलता येतात, पण तेही कर्जासारखं, व्याज देऊन परत भरायचे. म्हणजे ही ठेव पोरीच्या शाळेसाठी चांगली. तापासाठी नाही. तापासाठी साधं बचत खातं काढा. व्याज थोडं, पण गेलं की काउंटरवर मिळतात. आणि थोडे घरात ठेवा, डब्यात. पोस्ट रविवारी बंद असतं, ताप रविवारीपण येतो."

"एवढं कुठून आणू?"

"आधी खातं भरा. एक महिन्याच्या खर्चाइतकं झालं की मग माझ्याकडे या. तोवर मला तुमच्याकडून एक पैसा कमिशन नको." मग तिनंच हसून सांगितलं, "मला शंभरामागं चार रुपये मिळतात, सरकार देतं. म्हणून माझं बोलणंही पारखून घ्या."

वाल्मिकनं पारखून घेतलं. तो स्वतः पोस्टात जाऊन विचारून आला. खातं उघडलं. ठेकेदाराच्या हप्त्याला जे पैसे जात होते तेच, उचल फिटल्यावर, तो महिन्याच्या दहा तारखेला खात्यात टाकू लागला. हाताला तेवढ्या पैशांशिवाय महिना काढायची सवय झालीच होती. निंबाबरोबर रविवारी हातगाडीवर खमण खायला जाणं कमी झालं. कुणी सुट्टीवर गेलं की तो जादा पाळी मागून घ्यायचा. पण ते त्यानं चारदा केलं आणि सोडून दिलं, कारण जादा पाळीच्या दिवशी हर्षदा जागी असताना तो घरी नसायचा. कलाबाई एकदाच म्हणाली, "भाऊ, पोर तुमची वाट पाहत दारातच झोपली." तेवढं पुरलं.

वर्षभरात महिन्याच्या खर्चाइतके पैसे खात्यात जमले आणि मग उषाबाईनं आवर्ती ठेवीचं कार्ड काढलं. शंभर रुपये महिना, पाच वर्षं. शिवाय एका दिवाळीला मिलनं बोनस दिला त्याचं एक किसान विकासपत्र घेतलं. ते साडेपाच वर्षांत दुप्पट होणार होतं. ते त्यानं हर्षदाच्या नावाशेजारी आपलं नाव घालून पेटीत ठेवलं आणि विसरून जायचं ठरवलं.

याच दिवसांत धुडकूच्या डोक्यात वेगळंच वारं शिरलं. त्याच्या लूमवरचा एक जण कुठल्याशा फायनान्स कंपनीचा एजंट झाला होता. रिंग रोडवर दुसऱ्या मजल्यावर काचेचं ऑफिस, पंखे, चहा. दोन वर्षांत दामदुप्पट. धुडकूनं जमवलेले तीन हजार तिथं टाकले आणि पहिल्या सहा महिन्यांचं व्याज हातात पडलं तेव्हा तो ओट्यावर नोटा मोजत म्हणाला, "वाल्मिक, पोस्टात तुझे पैसे झोपा काढतात. इकडं आण, पळायला लागतील."

वाल्मिकला मोह पडला, हे खरं. दोन वर्षांत दुप्पट म्हणजे हर्षदा शाळेत जायच्या वयाची होईल तेव्हा. त्यानं उषाबाईला विचारलं. ती कंपनीला नावं ठेवील अशी त्याची अपेक्षा होती. तिनं ठेवली नाहीत.

"मला ती कंपनी माहीत नाही, म्हणून चांगली की वाईट ते सांगणार नाही. तुम्ही जा, ऑफिसात विचारा की मला गुरुवारी गरज पडली तर शुक्रवारी पैसे मिळतील का. काय म्हणतात ते ऐका."

वाल्मिक गेला. टायवाल्या मुलानं हसून सांगितलं की मुदतीआधी पैसे काढणाऱ्याचं नुकसान होतं, काकांनी असा विचारच करू नये. चहा चांगला होता. वाल्मिक चहा पिऊन परत आला.

धुडकू त्याला भित्रा म्हणाला. तसा तो होताच. एकट्याच्या कमाईवर पोर सांभाळणारानं भित्रं नसावं तर काय असावं, असं त्याला वाटे. 

मग चौऱ्याण्णवचा सप्टेंबर आला.

त्या पावसाळ्यात शहरात शिरलेलं पुराचं पाणी ओसरून गेलं होतं, गल्ल्यांतून चिखल आणि घाण पडून होती. एका सकाळी मिलच्या दारावर माणसं घोळक्यानं उभी राहून कुजबुजत होती. प्लेग आला म्हणे. कुणी म्हणे पाण्यात विष कालवलंय, कुणी म्हणे सिव्हिलमध्ये माणसं पटापट जातायत. दुपारपर्यंत औषधांच्या दुकानांतून कॅप्सूल संपल्या. संध्याकाळी माणसं नाकाला रुमाल बांधून पेट्या डोक्यावर घेऊन उधना स्टेशनाकडे निघाली होती. मिलच्या मास्तरनं मशिनं बंद केली आणि सांगितलं, "जा घरी. कधी सुरू होईल ते देवाला माहीत."

वाल्मिक दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधी दारात जाऊन बसला. निम्मे कर्मचारी आले नव्हते, पण एक काउंटर चालू होतं. गावी पोहोचल्यावर हे पैसे काढता येणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. ज्या पोस्टात खातं, तिथंच पैसे. त्यानं निम्म्याहून थोडे जास्त काढले, बाकीचे परत यायचंच आहे म्हणून ठेवले. घरच्या डब्यातलेही घेतले. मग तो कलाबाईच्या दारात गेला. ती बोचकं बांधत होती आणि धुडकू डोकं धरून बसला होता. काचेच्या ऑफिसला कुलूप लागलं होतं.

"वहिनी, हा या महिन्याचा पगार."

कलाबाईनं नोटा पाहिल्या. "महिना कुठं भरलाय अजून?"

"महिना मी नाही थांबवला, तुम्हीही नाही. ठेवा. वाटखर्च होईल."

तिनं घेतले. धुडकूनं मान वर केली नाही.

तिघं मोठी माणसं आणि एक पोर अशी गाडीत कशीबशी चढली. दोंडाईच्याला कलाबाई आणि धुडकू उतरले. कलाबाईनं खिडकीतून हर्षदाचा गाल धरला आणि बोचकं उचलून ती निघून गेली. हर्षदा मागे वळून वळून विचारत राहिली, "कलामाय आपल्याबरोबर का नाही?"

सासुरवाडीच्या गावानं वाल्मिकला आणि हर्षदाला वेशीच्या आत घेतलं नाही. सुरतेहून आलेल्यांनी आठवडाभर मळ्यात राहायचं, असं पंचायतीनं ठरवलं होतं. सासरे लांबूनच भाकरी-भाजीचं पातेलं बांधावर ठेवून जात. त्या कडब्याच्या खोपटात वाल्मिक आणि हर्षदा दोघंच राहिली. त्याला आठवत नव्हतं, रुक्मिणी गेल्यापासून तो पोरीबरोबर सलग इतका वेळ कधी होता. ती त्याला गुजरातीत चिमणीचं गाणं म्हणून दाखवायची, जे तिला चाळीतल्या पोरींनी शिकवलं होतं. तिला भेंडी आवडत नाही, झोपताना तिला कुणाचा तरी कान धरावा लागतो, हे त्याला नव्यानं कळलं. कान कुणाचा धरायची ते त्यानं विचारलं नाही. त्याला माहीत होतं.

आठवडा उलटला, दोघांना ताप आला नाही, आणि गावानं त्यांना आत घेतलं. हर्षदाला वासरू मिळालं, मामाची पोरं मिळाली, सगळं अंगण मिळालं. ती दिवसभर खिदळत होती. सासूबाईंनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी दुपारी, सगळे बाहेर असताना, त्या वाल्मिकसमोर येऊन बसल्या.

"जवाईबापू, रागाऊ नका. मागच्या खेपेला मी रागानं बोलले, आज रागानं बोलत नाही. मिल बंद. शहर रोगाचं. ती सांभाळणारी बाई तिच्या गावी. पोर इथं हसतेय, बघताय ना तुम्ही. राहू द्या तिला. जूनमध्ये शाळेत घालू. तुमचे चारशे वाचतील, तुम्ही सणाला येत जा."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. वाल्मिक उठून मळ्याकडे गेला. बांधावर बसून त्यानं स्वतःलाच विचारलं की ही आपली हौस तर नाही ना? आपल्या हट्टापायी पोरीला दहा बाय दहाच्या खोलीत कोंडतोय का? चारशे रुपये महिना देऊन आपण नक्की काय घेतो? विचार करता करता त्याला मिलहून परतल्यावरची संध्याकाळ आठवली. अंगाला रंगाचा, तापल्या कापडाचा वास. तो हातपाय धुऊन येईपर्यंत पोर दारात नाचत असायची आणि मग जेवण होईपर्यंत तिचं बोलणं थांबत नसे. रातपाळीच्या आठवड्यात तेच सकाळी. दिवसाकाठी तास-दीड तास. तेवढाच वेळ तो विकत घेत होता. पण त्या तास-दीड तासामुळे पोर त्याला ओळखत होती.

संध्याकाळी त्यानं सासूबाईंना आणि सासऱ्यांना समोर बसवून सांगितलं.

"मामी, तुमचं खोटं नाही. पण माझंही ऐका. खोलीचं भाडं, आमचं खाणं आणि कलावहिनींचा पगार, एवढं मी मिल बंद असली तरी दिवाळीनंतरपर्यंत देऊ शकतो. कुणाकडून उचल न घेता. तेवढे पैसे आहेत. मी ते याचसाठी ठेवले होते."

सासऱ्यांनी अडकित्ता हातात घेतला. "आणि त्याच्यापुढं?"

"त्याच्यापुढं नाहीत. तेव्हाही मिल बंद असली तर मी स्वतः हिला तुमच्याकडे आणून सोडीन. कर्ज काढून हट्ट करणार नाही."

सासऱ्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग बायकोला म्हणाले, "ज्याला आपला काठ कुठंय ते माहितीय, त्याला पोहू द्यावं." सासूबाईंनी डोळे पुसले, पण पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वाल्मिकनं अमळनेरच्या एसटीडी बूथवरून मिलच्या ऑफिसात फोन लावला. तीन वेळा लागला नाही, चौथ्यांदा मास्तर स्वतः बोलला. दसऱ्यानंतर एक स्टेंटर सुरू करणार होते, दिवाळीचा माल अडला होता. "माणसं नाहीत, वाल्मिक. जो आधी येईल त्याला मशीन. मागाहून आलास तर हेल्परचं काम मिळेल, सांगून ठेवतो."

फोन ठेवला आणि त्याच्या लक्षात आलं की मशीन मिळेल की नाही, हे आता दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात बसलेल्या बाईवर आहे.

तो सकाळच्या पॅसेंजरनं गेला. हर्षदालाही सोबत नेलं. कलाबाई भावाच्या घरी होती आणि कपाशी वेचून नुकतीच परतली होती. पोरीला पाहताच तिनं डोक्यावरचं गाठोडं तसंच टाकलं. धुडकू ओसरीवर होता. त्याचा आवाज खाली गेला होता. "मी नाही येत आता सुरतेला," तो म्हणाला. "तिकडं माझं काय राहिलंय? इथं मजुरी करू दोघं. पुढं बघू."

वाल्मिकनं खिशातून चारशे काढून ओसरीवर ठेवले. "वहिनी, हा पुढच्या महिन्याचा."

"कशाचा? मी तर इथं बसलेय."

"बसल्या दिवसांचा. मिल बंद होऊन मी बसून होतो तेव्हा मला माझ्या साठवणीनं पगार दिला. तुमचं बसणंही माझ्यामुळंच आहे. तुम्ही दुसरं काम धरलंत तर उद्या मला मशीन मिळूनही काय उपयोग?"

धुडकू ताडकन उठला. "भीक नको आम्हाला!"

"भीक नाही, दादा. मला गरज आहे. तुम्ही नाही आलात तर मला पोर तिच्या आजीकडं सोडून जावं लागेल."

कलाबाई हर्षदाला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीनं सवयीनं तिचा कान धरला होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग वाल्मिककडे.

"भाऊ, एक विचारू? तुमची मिल बंद पडली तर तुमच्याकडं साठवण आहे. माझी मिल म्हणजे तुम्ही. तुम्ही बंद पडलात तर माझ्याकडं काय आहे?"

 दोन वर्षं वाल्मिक दर दहा तारखेला हिशेब घालत होता, भाडं, किराणा, औषध. आणि कलाबाईचे चारशे त्यात फक्त खर्च म्हणून लिहिलेले होते. त्या चारशेंवर कुणाचं तरी घर उभं आहे आणि त्या घरालाही ताप येतो, हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. "तुमचे तीन हजार गेले, तेही मला माहीत आहे."

"ते यांचे होते. मला कुणी विचारलं नव्हतं." धुडकूनं तोंड फिरवलं. कलाबाईनं चारशेंतले दोनशे उचलले आणि दोनशे परत सरकवले. "निम्मे पुरे. मी इथं कपाशी वेचून कमावतेय, अगदीच बसलेली नाही. मी येते. पण तिथं गेल्यावर त्या उषाबाईकडं माझ्याही नावानं कार्ड काढायचं. पन्नासाचं. त्यातले पंचवीस तुम्ही पगारावर वाढवून द्यायचे, पंचवीस मी घालीन."

वाल्मिकनं मनाशी आकडे मांडून पाहिले. पंचवीस जड होते, पण झेपणार होते. "कबूल," तो म्हणाला.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी वाल्मिक मशीनसमोर उभा होता. निंबा पंधरवड्यानं आला आणि त्याला हेल्परवर समाधान मानावं लागलं. बायकोमुलांना गावी ठेवून त्याला निघता येईना, हातात भाड्याचेही पैसे नव्हते. वाल्मिकला त्याचं वाईट वाटलं. आपण शहाणे होतो म्हणून नव्हे, पोरीला एकदा ताप आला म्हणून आपण वाचलो, असंच त्याला वाटत राहिलं.

मिल पूर्ण भरानं चालायला संक्रांत उजाडली. तोवर आठवड्यातून दोन-तीन दिवस पाळीच नसे. पोस्टातलं खातं तळाला गेलं. आवर्ती ठेवीचे दोन हप्ते चुकले आणि ते नंतर थोडा दंड भरून पुरे करावे लागले. विकासपत्राला मात्र त्यानं हात लावला नाही. कलाबाईचा पगार एकदाही चुकला नाही. ज्या दिवशी त्याची पाळी नसे त्या दिवशी तो घरीच असायचा, तरीही. आणि तेव्हा कलाबाई दुपारी येऊन म्हणायची, "पैसे घेतलेत, काम तर करू द्या," आणि हर्षदाची वेणी घालायची. धुडकू उशिरा आला, महिन्याभरानं. काचेच्या ऑफिसातून त्याला काहीच मिळालं नाही. वाल्मिकला त्यानं पुन्हा कधी भित्रा म्हटलं नाही.

फेब्रुवारीत, सुट्टीच्या दिवशी, उषाबाई कलाबाईच्या दारात अर्ज घेऊन बसली. कलाबाईला सही येत नव्हती, तिनं अंगठा उठवला. वारसाच्या रकान्यापाशी उषाबाई थांबली. "इथं कुणाचं नाव घालू?"

धुडकू ओट्यावर विडी ओढत होता. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं, पण त्याची विडी तोंडाशी नेता नेता थांबली. वाल्मिक दारात उभा होता. कलाबाईनं आत खेळणाऱ्या हर्षदाकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या धुडकूकडे. 

"यांचंच घाला," ती म्हणाली. "पण कार्ड माझ्याकडं राहील."

उषाबाई हसली नाही. तिनं नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला आणि पहिले पन्नास रुपये मोजून पिशवीत टाकले. आतून हर्षदा ओरडली, "कलामाय, दूध उतू गेलं!" आणि कलाबाई अंगठ्याची शाई तशीच घेऊन आत धावली.